सहस्रचंद्रदर्शनाला काय द्यावे?

एक हजार पौर्णिमा पाहण्यास माणसाला सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीव्या वर्षी घरोघरी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो आणि मुलासुनांपुढे प्रश्न उभा राहतो, आता द्यायचे काय? कपाटात शाली आहेत, चांदीची भांडी आहेत, भिंतीवर जागा उरलेली नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मला काही नको."

हे 'नको' शब्दशः घ्यावे. जी वस्तू पुसावी लागते, जपावी लागते, कुलपात ठेवावी लागते, ती या वयात ओझे होते. तेव्हा संपणारे काहीतरी द्यावे. मात्र हेच 'नको' जेवणाला, माणसांना आणि एरवीच्या आवडीच्या गोष्टींनाही लागू होऊ लागले, झोप बिघडली आणि हे दोन आठवडे चालले, तर ती विरक्ती म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

संपणाऱ्या वस्तूंत पहिला विचार खाऊचा येतो आणि तिथेच चूक होते. मधुमेह असलेल्यांसाठी आणलेल्या 'शुगर-फ्री' मिठाईत साखर नसली तरी खवा आणि पीठ असतेच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर खजूर-बेदाण्यांची पेटी त्यांतील पोटॅशियममुळे त्रासदायक ठरू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असताना पालेभाज्यांची पावडर किंवा काढा भेट देणे नकोच. त्यापेक्षा न्हाणीघरात आणि देवघरात काय संपत आले आहे ते पाहावे. नेहमीचा साबण, अंगाला लावायचे खोबरेल, उदबत्ती, वाती, आवडीचा चहा. मोठी पेटी एकदम न देता महिन्याला पुरेल एवढे दर महिन्याला, शक्यतो स्वतः नेऊन द्यावे. खरी भेट त्या फेरीत असते, हे वेगळे सांगायला नको.

अनुभवाची भेट द्यायची तर ती शरीराच्या घड्याळाप्रमाणे आखावी. नाटकाची तिकिटे काढण्याआधी नाट्यगृहात पायऱ्या किती, स्वच्छतागृह किती लांब आणि कडेची खुर्ची मिळते का, हे पाहून यावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्याच मनाने चुकवू नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांना संध्याकाळी गोंधळल्यासारखे होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून त्यांच्यासाठी सकाळची छोटी फेरी बरी. जुन्या वाड्यावरून, शाळेवरून मोटार हळू नेली तरी पुरते.

आता दान. या सोहळ्यात तुला करण्याची रीत अनेक घरी आहे आणि काही नको म्हणणाऱ्या माणसाला ती मनापासून पटते, कारण त्यातले घरात काहीच उरत नाही. मात्र टांगत्या पारड्यात वृद्ध व्यक्तीला बसवू नये. पारडे हलते, गुडघे वाकत नाहीत, तोल जातो. हाडे ठिसूळ असतील तर एवढ्या पडण्यानेही खुबा मोडतो. दवाखान्यात नुकतेच केलेले वजन घ्यावे आणि तेवढे धान्य वेगळे मोजून त्यांच्या खुर्चीशेजारी मांडावे. तुला तीच होते.

एक उदाहरण घेऊ. आजींचे वजन 52 किलो आहे. मुलांनी 52 किलो गूळ आणायचे ठरवले. ज्या वृद्धाश्रमाला तो द्यायचा, तिथे आधी विचारले तेव्हा समजले, की तिथे बरेच जण मधुमेही आहेत आणि पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते. त्यांना हवे होते तांदूळ आणि डाळ. मग 30 किलो तांदूळ, 15 किलो तूरडाळ, 5 किलो शेंगदाणे आणि रीत म्हणून 2 किलो गूळ, असे 52 किलो भरले. संस्था कोणती, हे मात्र आजींनी ठरवले. तो अधिकार त्यांच्याकडेच राहू द्यावा. मुलांनी परस्पर ठरवलेले दान हे मुलांचे दान होते.

वस्तुरूपाने दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही. ती हवी असेल तर रक्कम संस्थेच्या खात्यात भरावी. पावती पैसे भरणाऱ्याच्या नावे निघते. आजींच्या हाती द्यायला संस्थेकडून त्यांच्या नावाचे एक साधे पत्र मागून घ्यावे. अक्षर मोठे असावे.