रिकामी जागा किती आणि फट केवढी?

लोहार विळा लालभडक तापवतो आणि एकदम पाण्यात बुडवतो. याला आपण विळ्याला पाणी देणे म्हणतो. त्याने पोलादाला धार टिकवणारा कठीणपणा येतो. त्याचे मूळ अणूंच्या रचनेत आणि अणूंमध्ये उरणाऱ्या पोकळीत आहे. ही पोकळी मोजायला शाळेतली भूमिती पुरते.

अणू म्हणजे सारख्या आकाराचे घट्ट गोल आहेत असे मानू आणि प्रत्येकाची त्रिज्या 1 धरू. एका गोलाचे घनफळ 4.19 होते. धातूत अणूंची एकच मांडणी सर्व दिशांना पुन्हापुन्हा येत असते, म्हणून तिचा एक घन तपासला की पुरते.

पहिल्या, साध्या घनात आठ कोपऱ्यांवर आठ गोल असतात. कोपऱ्यावरचा गोल आठ घनांना सामाईक असल्याने एका घनाच्या वाट्याला त्याचा आठवा हिस्सा येतो, म्हणजे एकूण एकच गोल. शेजारचे गोल एकमेकांना टेकलेले असल्याने बाजू 2 आणि घनफळ 8. भरलेली जागा 52 टक्के, रिकामी 48.

दुसऱ्या, मध्यकेंद्री घनात पोटात आणखी एक गोल असतो, म्हणजे वाट्याला दोन. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. ते बाजू पुन्हा 2 च धरतात. मग 8 घनफळात 8.38 इतके गोल बसवावे लागतात. शंभर टक्क्यांहून जास्त भरलेली पेटी असू शकत नाही, यावरूनच चूक कळते. मधल्या गोलाने कोपऱ्यांवरचे गोल दूर सारलेले असतात. ते आता एकमेकांना टेकत नाहीत, फक्त मधल्या गोलाला टेकतात. म्हणून घनाच्या आरपार जाणारा कर्ण 4 असतो, त्यावरून बाजू 2.31 आणि घनफळ 12.3 येते. भरलेली जागा 68 टक्के.

तिसऱ्या, पृष्ठकेंद्री घनात मध्य मोकळा असतो आणि सहाही पृष्ठांच्या मध्यभागी एकेक गोल असतो. पृष्ठावरचा गोल दोन घनांत निम्मानिम्मा वाटला जातो, म्हणून सहांचे तीन आणि कोपऱ्यांचा एक असे चार गोल होतात. इथे पृष्ठाचा कर्ण 4, बाजू 2.83, घनफळ 22.6. भरलेली जागा 74 टक्के. सारख्या गोलांची याहून दाट रचना होऊच शकत नाही. फळवाल्याची संत्र्यांची नेटकी रास याच दाटीची असते.

सर्वात दाट रचनेत बाहेरच्या लहान अणूला सर्वात कमी वाव असेल, असे यावरून कोणालाही वाटेल. लोखंडात मात्र उलटे घडते. नेहमीच्या तापमानाला लोखंड मध्यकेंद्री असते. 912 अंश सेल्सिअसला ते पृष्ठकेंद्री होते. मध्यकेंद्री लोखंडात वजनाने फार तर 0.02 टक्के कार्बन मुरतो. पृष्ठकेंद्री लोखंडात हेच प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास जाते. रिकामी जागा 32 टक्क्यांवरून 26 वर आली, तरी सामावून घेण्याची ताकद शंभर पटींनी वाढली.

हे समजण्यासाठी एकूण पोकळी बाजूला ठेवून एकेक फट मोजावी लागते. पृष्ठकेंद्री घनाच्या कडेवर, दोन कोपऱ्यांच्या गोलांमध्ये 2.83 वजा 2, म्हणजे 0.83 इतकी जागा उरते. तिथे 0.41 त्रिज्येचा गोल बसतो. मध्यकेंद्री घनात कडेवर फक्त 0.31 उरते, म्हणजे त्रिज्या 0.155. त्या घनातल्या सर्वात मोठ्या फटीतही 0.29 हून मोठा गोल मावत नाही. म्हणजे तिथली पोकळी जास्त असली, तरी अनेक बारीक फटींत विखुरलेली आहे. दाट रचनेतली कमी पोकळी थोड्या, पण मोठ्या फटींत एकवटलेली आहे. कार्बनचा अणू लोखंडाच्या साधारण 0.6 पट असतो. त्याला दोन्हीकडे दाटीवाटीच होते, पण एकीकडे ती सोसण्याजोगी असते.

आता लोहाराकडे वळू. तापलेल्या विळ्यातला कार्बन मोठ्या फटींत शिरलेला असतो. विळा सावकाश निवला, तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि तो लोखंडाशी संयोग पावून वेगळे थर करतो. पाण्यात बुडवल्यावर मात्र रचना बदलते आणि कार्बन आतच अडकतो. अडकलेल्या कार्बनमुळे घन एका दिशेने ताणला जातो. हा ताण म्हणजेच कठीणपणा. तोच विळ्याला ठिसूळही करतो, म्हणून तो पुन्हा बेताने तापवावा लागतो.

अणू खरोखर घट्ट गोल नसतात, ही या हिशोबाची मर्यादा आहे. 68 चे 74 टक्के होताना लोखंड आठ टक्के आकसायला हवे. प्रत्यक्षात ते साधारण एक टक्काच आकसते, कारण शेजारी आठांचे बारा झाले की अणूंमधले अंतर किंचित वाढते. फटींचा क्रम मात्र त्यामुळे बदलत नाही.