ठोक्याआधीचा थांबा

ईसीजीच्या गुलाबी कागदावर बारीक चौकटी छापलेल्या असतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची. त्यावरचा कुठलाही एक ठोका निरखून पाहा. आधी एक लहान गोलसर उंचवटा येतो. मग रेघ थोडी सपाट चालते आणि त्यानंतर एकदम टोकदार शिखर उभं राहतं. उंचवट्याच्या सुरुवातीपासून शिखराच्या सुरुवातीपर्यंत निरोगी माणसाच्या कागदावर तीन ते पाच चौकटी भरतात. या अंतराला डॉक्टर ‘पीआर’ म्हणतात. हृदयात ठोका कसा जन्मतो आणि खालपर्यंत कसा पोचतो, हे सगळं या तीन-पाच चौकटींत वाचता येतं.

सुरुवात होते उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात. डोकं आणि हातांकडून अशुद्ध रक्त आणणारी मोठी नीला जिथे या कप्प्याला मिळते, तिथे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पट्टा आहे. हा सायनस नोड, आपला जन्मजात पेसमेकर. आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्लॅकला तो पहिल्यांदा दिसला होता चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात.

या पेशींना ठोका द्यायला मेंदूने सांगावं लागत नाही. तो त्या स्वतःच देतात, आणि कसा, ते समजायला लग्नातलं घटिकापात्र आठवावं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवतात. पाणी थेंबाथेंबाने आत येतं, वाटी भरली की बुडते, मग ती रिकामी करून पुन्हा तरंगत सोडतात. सायनस नोडच्या पेशीलाही असं भोक आहे. एक ठोका होऊन गेला की पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ६० मिलिव्होल्टने ऋण असते. हृदयाच्या इतर स्नायूपेशी या अवस्थेत स्वस्थ बसून राहतात. इथे मात्र नेमक्या याच ऋणतेला काही दारं उघडतात आणि बाहेरचं सोडियम हळूहळू आत झिरपू लागतं. ऋणता उतरत उतरत ४० मिलिव्होल्टच्या आसपास आली की कॅल्शियमची दारं उघडतात, आतला भार झपाट्याने उलटतो आणि विजेचा संदेश सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पुन्हा पहिल्या जागी येते, आणि झिरपणं परत सुरू होतं.

भोक मोठं झालं तर पात्र लवकर भरणार. धावताना किंवा घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन नेमकं हेच करतं. उलट व्हेगस नावाची चेतातंतूंची जोडी झिरपणं मंद करते. या पेशी मोकळ्या सोडल्या तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतील. बसल्या जागी आपली नाडी सत्तर-बहात्तर लागते, ती व्हेगसने सतत लगाम धरून ठेवल्यामुळे. हृदय प्रत्यारोपणात या नसा तुटतात, म्हणून नवं हृदय मिळालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसल्यावरही बरेचदा नव्वद-शंभर असते. आयव्हाब्रॅडिन हे नाडी कमी करणारं औषध सोडियमच्या त्या दारांनाच अडवतं.

सुटलेला संदेश पेशीकडून पेशीकडे जात दोन्ही कर्णिकांभर पसरतो. याला साधारण ०.१ सेकंद लागतो. कागदावरचा गोलसर उंचवटा तो हाच. कर्णिका आकसतात आणि उरलेलं रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, ढकलतात.

आता संदेश थेट खाली जाऊ शकत नाही. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये तंतुमय ऊतीची कडी आहे, तिच्यातून वीज वाहत नाही. निरोगी हृदयात पलीकडे जायला एकच वाट असते, एव्ही नोड. जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी जर्मनीत काम करताना १९०६ मध्ये ती दाखवून दिली. या वाटेवर संदेश अडखळत चालतो. इथल्या पेशी बारीक आहेत, एकमेकींशी त्यांचे जोड थोडे आहेत, आणि त्या वेगवान सोडियमऐवजी संथ कॅल्शियमवर चालतात. कर्णिकांच्या स्नायूत सेकंदाला मीटरभर जाणारा संदेश इथे सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटरने सरकतो. सुमारे ०.१ सेकंद इथेच जातो.

माझ्या मते साऱ्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हा उशीर आहे. कर्णिका आणि जवनिका एकाच वेळी आकसल्या असत्या, तर वरचं शेवटचं रक्त खाली उतरलंच नसतं. या थांब्यात जवनिका पूर्ण भरतात. शिवाय कर्णिका बेताल होऊन मिनिटाला चारशे-पाचशे संदेश पाठवू लागल्या, तर ते सगळे एव्ही नोड खाली जाऊ देत नाही. जवनिका त्या वेगाने चालल्या तर माणूस जगणार नाही.

थांबा संपला की मात्र घाईच. हिस नावाची तंतूंची जुडी, तिच्या उजव्या-डाव्या फांद्या आणि जवनिकांच्या आतल्या अस्तरात पसरलेलं पुर्किंजे तंतूंचं जाळं, यांतून संदेश सेकंदाला दोन ते चार मीटर धावतो. साधारण ०.०८ सेकंदात दोन्ही जवनिका जाग्या होतात, कागदावर शिखर उमटतं आणि रक्त महारोहिणीत जातं.

ही वाट तुटली तर काय होतं ते पाहू. समजा, सत्तरीतले एक आजोबा दोनदा चक्कर येऊन पडले. मनगटावर नाडी लागते ३६. त्यांच्या ईसीजीत गोलसर उंचवटे दर १९ चौकटींनी, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०, अगदी नियमित आहेत. शिखरंही नियमित आहेत, पण दर ४२ चौकटींनी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पीआर प्रत्येक ठोक्याला वेगळा भरतो. सायनस नोड नीट काम करतो आहे, पण त्याचा एकही संदेश खाली पोचत नाही. जवनिकांतल्या पेशींनाही स्वतःचा सावकाश ठोका देता येतो, मिनिटाला २० ते ४०, आणि त्यावर आजोबा तगून आहेत. हा पूर्ण हार्ट ब्लॉक. रक्तवाहिनीतल्या ज्या अडथळ्यांनाही लोक ‘ब्लॉक’ म्हणतात, त्यांच्यापेक्षा हा वेगळा. बहुतेकदा वयोमानाने या तंतूंच्या जागी निबर ऊती साचते. कधी हार्ट अटॅकमुळे, तर कधी रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकरसारख्या गोळ्यांमुळेही वाट अडते.

औषधासारखं सुधारता येणारं कारण नसेल, तर पेसमेकर बसवावा लागतो. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. ते २००१ पर्यंत जगले. आजच्या दोन तारांच्या पेसमेकरमध्ये एक तार उजव्या कर्णिकेत आणि दुसरी उजव्या जवनिकेत असते. कर्णिकेचा संदेश टिपल्यावर यंत्र लगेच खाली ठोका देत नाही. ते मुद्दाम सेकंदाचा सहावा-सातवा भाग थांबतं, आणि हा थांबा किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात.

ब्लॉक सुरुवातीला येऊन-जाऊन असू शकतो, तेव्हा एकदा काढलेला ईसीजी स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. घरातलं वयस्क माणूस अचानक शुद्ध हरपून पडलं आणि नाडी पन्नासच्या खाली लागली, तर अशक्तपणा म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि चोवीस तासांची होल्टर तपासणी लागेल का, ते विचारा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.