दादीचा सहावा हिस्सा : मुस्लिम वारसाहक्क, एका घराच्या हिशोबातून

आजचा भाग थोडा गणिताचा आहे, पण गणित सहावी-सातवीतलंच, अपूर्णांकांचं. लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आकडे निसटतील, म्हणून हा लेखी भाग. घरी गेल्यावर कागद घेऊन एकदा स्वतः करून बघा.

मी नवी मुंबईत वकिली करते आणि वारसाची कागदपत्रं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारी मुस्लिम घरातली तरुण मुलं बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतात : "फ्लॅट अब्बांचा होता, म्हणजे आता अम्मीचा आणि आमचा." यातलं अर्धंच बरोबर असतं. उरलेलं अर्धं दादीपाशी अडतं. म्हणून आज आपण दादीच्या हिश्शाच्या मागे मागे जाऊ.

घर कल्पनेतलं घेऊ, नाव नको. खारघरला फ्लॅट. अब्बा वारले. मागे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी आणि अब्बांची आई, म्हणजे दादी. दादा आधीच गेलेले. शिवाय अब्बांचा एक भाऊ आणि एक बहीण, म्हणजे चाचा आणि फुफी, हयात आहेत. कुटुंब सुन्नी. आपल्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि मुंबई-ठाण्यातले बाकी बरेच सुन्नी हनफी. या घराच्या हिशोबात दोघांचं उत्तर एकच येतं. शिया पंथाचे नियम वेगळे आहेत, ते आज नाही.

आता पहिली पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. हिस्से लगेच काढायचे नसतात. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, आणि त्यानंतर जे उरेल त्याची वाटणी.

अब्बांच्या नावावर फ्लॅट ७० लाखांचा, बँकेत एफडी आणि बचत मिळून १४ लाख. एकूण ८४. देणी बघा : गृहकर्जाचे १० लाख बाकी, हॉस्पिटलचं बिल आणि दफनविधी मिळून दीड लाख. आणि निकाहनाम्यात लिहिलेला पण कधीच न दिलेला मेहर, ५० हजार. हो, मेहर. न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्जच आहे. अम्मीला तो वारस म्हणून नाही, धनको म्हणून मिळतो, आणि वाटणीच्या आधी मिळतो. तिचा आठवा हिस्सा त्याच्यावर वेगळा. बऱ्याच घरांत हे कुणी बोलतच नाही, कारण पन्नास हजारांसाठी आत्ता काय तोंड उघडायचं, असं त्या बाईलाच वाटतं. निकाहनामा शोधून वाचा, एवढंच म्हणेन.

तर देणी झाली १२ लाख. ८४ वजा १२, उरले ७२ लाख. अब्बांनी वसीयत केलेली नव्हती. केली असती तरी ती या ७२ लाखांच्या एक तृतीयांशापर्यंतच, म्हणजे २४ लाखांपर्यंतच चालली असती. आणि वारसांपैकीच एखाद्याला जास्त द्यायचं असतं, तर बाकीच्या वारसांची संमती लागली असती.

आता हिस्से. कुराणातल्या सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत हे अपूर्णांक दिलेले आहेत, आणि १९३७च्या शरीयत कायद्यामुळे भारतातली न्यायालयं मुसलमानांच्या वारसाहक्काला हेच नियम लावतात. मृताला मुलं असतील तर बायकोला एक अष्टमांश. (मुलं नसती तर एक चतुर्थांश.) मुलं असताना आईला एक षष्ठांश. हे दोन ठरलेले वाटे आधी बाजूला काढायचे. मग जे उरतं ते मुलांचं, आणि त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट.

कागदावर मांडू. आठ आणि सहा, दोघांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या २४. अम्मीचे २४ पैकी ३, दादीचे ४. गेले ७, उरले १७. आता मुलांमध्ये दोन मुलगे म्हणजे चार भाग आणि मुलीचा एक, एकूण पाच. सतराला पाचाने पूर्ण भाग जात नाही. म्हणून सगळंच पाचपट करायचं : २४चे झाले १२०. अम्मी १५, दादी २०, प्रत्येक मुलगा ३४, मुलगी १७. बेरीज १२०, जुळलं. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चुकलंय, ही तपासणी दर वेळी करा.

७२ लाखांचे १२० भाग केले की एक भाग ६० हजारांचा. अम्मीला ९ लाख, दादीला १२ लाख, मुलांना प्रत्येकी २० लाख ४० हजार, मुलीला १० लाख २० हजार. चाचा आणि फुफींना काही नाही, कारण मुलगा हयात आहे.

बायकोपेक्षा आईला जास्त, हे ऐकून दर वेळी समोरचं माणूस थबकतं. पण खरी अडचण आकड्यात नाही. ती अशी की बँकेतले १४ लाख देणी फेडण्यातच जवळपास संपले. हातात उरले २ लाख. दादीचे १२ लाख आहेत कुठे? भिंतींमध्ये. म्हणजे फ्लॅटमध्ये दादी सहाव्या हिश्शाची मालकीण आहे, मग ती तिथे राहत असो की पनवेलला चाचाकडे.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : हिस्सा केव्हा मिळतो? सोसायटीत नाव लागल्यावर नाही, सिडकोची परवानगी आल्यावर नाही, दाखला हातात पडल्यावरही नाही. माणूस गेला त्या क्षणी. त्या क्षणी कोण हयात होतं, यावर सगळं ठरतं. तोवर मात्र कुणाचाही काही हक्क नसतो. अब्बा जिवंत असताना मुलांचा त्या फ्लॅटमध्ये जन्मसिद्ध असा काही वाटा नव्हता.

आणि आता समजा, कागद रखडले. आपल्याकडे रखडतातच. सहा महिन्यांनी दादीही वारली. अम्मी म्हणते, "चला, सासूबाईंचा हिस्सा आता नातवंडांकडेच येईल, त्यांच्याच मुलाचा तर होता." नाही येत. ते १२ लाख आता दादीची इस्टेट झाली आणि तिची वाटणी दादीच्या वारसांत, नव्याने. दादीचा एक मुलगा, म्हणजे चाचा, हयात आहे. मुलगा हयात असला की दुसऱ्या मुलाची मुलं वारस राहत नाहीत. जवळचा दूरच्याला बाजूला करतो. सूनही वारस नाही. म्हणून चाचाला ८ लाख, फुफीला ४. नातवंडांना शून्य. ज्या फ्लॅटमध्ये अम्मी आणि तीन मुलं राहतात, त्याला आता चाचा-फुफी हे भागीदार आहेत आणि विकायचा झाला तर त्यांच्या सह्या लागतील. अब्बा गेले तेव्हा ते वारस नव्हते, दादी गेल्यावर आले. नात्यात गोडी असेल तर निभतं. नसेल तर मग माझ्यासारख्यांकडे यावं लागतं.

दादीच्या स्वतःच्या मालमत्तेचंही तेच. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावांत साडेबारा टक्के योजनेतला भूखंड एखाद्या दादीच्या नावावर असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या पोरांना त्यात वारस म्हणून काही मिळत नाही.

हा नियम कठोर आहे असं मला वाटतं, आणि असं वाटणारी मी काही पहिली नाही. इजिप्तने १९४६च्या कायद्यात तोड काढली : आजोबा-आजीने वसीयत केली नसली तरी अनाथ नातवंडांसाठी ती केल्याचं मानायचं, एक तृतीयांशाच्या मर्यादेत. पाकिस्तानने १९६१मध्ये सरळ बापाचा वाटा नातवंडांना दिला. भारतात असा कायदा नाही. पण नियमाच्या आतच वाट आहे. नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच दादी त्यांच्या नावे वसीयत करू शकते, आपल्या एक तृतीयांशापर्यंत, कुणाच्या संमतीशिवाय. आपल्या घरात ते ४ लाख झाले असते. पूर्ण हिस्सा द्यायचा असेल तर हयातीत द्यावा लागतो : हिबा करून, ज्यात देणं, स्वीकारणं आणि ताबा या तिन्ही गोष्टी लागतात, किंवा फ्लॅटमधला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. अर्थात दादीच्या मनात असेल तरच. बारा लाख तिचे आहेत, तिच्याकडून ते काढून घेण्याची युक्ती मी सांगत नाहीये.

दोन प्रश्न नेहमी येतात, ते घेऊनच टाकते.

"नॉमिनी अम्मी आहे, मग?" नॉमिनी म्हणजे सोसायटीने किंवा बँकेने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस, मालक नव्हे. कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये कंपनीच्या शेअरांबद्दल हेच सांगितलं : नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही २०१९पासून सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, वारस ठरेपर्यंत. अम्मीचं नाव सर्टिफिकेटवर आलं तरी दादीचे २० भाग दादीचेच. आणखी एक, मुलांपैकी कुणी अठराच्या आतलं असेल तर त्याच्या वाट्याचा फ्लॅट अम्मी आपल्या सहीने विकू शकत नाही. जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. मुस्लिम कायद्यात आई ही अज्ञान मुलाच्या मालमत्तेची आपोआप पालक नसते.

दुसरा प्रश्न मुलींच्या घरांतून येतो : "आम्हाला भाऊ नाही." मग हिशोब पार बदलतो. त्याच ७२ लाखांत एकच मुलगी असेल तर तिला अर्धा, ३६ लाख. अम्मी ९, दादी १२. उरलेले १५ लाख चाचा-फुफींकडे, १० आणि ५. मुलगी कितीही सांभाळणारी असली तरी. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुलीच. त्यांनी आपल्याच पत्नीशी ८ मार्च २०२३ला विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं, कारण त्या कायद्याखाली लग्न झालं की वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि भावांचा वाटा उरत नाही. त्यावर बरीच टीका झाली. हयातीत मुलींना हिबा करणं हा त्याहून जुना आणि जास्त वापरला जाणारा मार्ग.

तुमच्या घराचा हिशोब करायचा असेल तर आधी एका कागदावर तारखा लिहा : कोण कधी गेलं, आणि त्या दिवशी कोण कोण हयात होतं. रकमा नंतर. दोन मृत्यू असतील तर दोन वेगळे हिशोब, जुना आधी. पुढच्या भागात बायको आधी गेली तर नवऱ्याचा वाटा, आणि बेरीज चोवीसच्या पुढे गेली तर काय करायचं, ते बघू.