बेझिलचा शेंडा कुठे खुडायचा?

रोपवाटिकेतून आणलेले बेझिल पहिले पंधरा दिवस तजेलदार दिसते. पास्त्यावर, सँडविचमध्ये घालायला पाने लागतात, तेव्हा हात साहजिकच खालच्या मोठ्या पानांकडे जातो. वरचा कोवळा शेंडा तसाच राहतो. उगाच रोपाची वाढ का थांबवा, असा त्यामागचा विचार. दीड-दोन महिन्यांत रोप हातभर उंच होते. खालची काडी उघडी पडते, तपकिरी आणि कडक होते. पानांचा झुपका टोकाला उरतो आणि त्यातून एक मंजिरी डोकावते. मग खत बदलले जाते, पाणी वाढवले जाते, कुंडी हलवली जाते. खोट मात्र बहुतेकदा खुडण्याच्या जागेतच असते.

बेझिलची काडी जवळून पाहिली की कारण समजते. काडी चौकोनी असते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक डोळा असतो. त्यातून नवी फांदी फुटू शकते, पण शेंडा जागेवर असेपर्यंत बहुतेक डोळे झोपलेलेच राहतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक काडीतून खाली उतरते आणि या डोळ्यांना रोखून धरते. केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात हे एका शेंगवर्गीय झाडावर दाखवले. शेंडा कापल्यावर बाजूचे डोळे फुटू लागले. कापलेल्या टोकावर ऑक्झिन लावले तेव्हा ते पुन्हा दबून राहिले.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. हरभरा कोवळा असताना त्याचे शेंडे खुडतात. त्याची भाजी होते आणि पिकाला फुटवेही जास्त येतात. बेझिललाही नेमके हेच हवे असते. खालची पाने तोडल्याने ते साधत नाही, उलट नुकसान होते: अन्न तयार करणारी मोठी पाने जातात आणि डोळ्यांना रोखणारा शेंडा मात्र शाबूत राहतो.

पुण्यातल्या पूर्वेकडच्या बाल्कनीतली एक कुंडी डोळ्यांसमोर आणू. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात बी पेरले. आठ-दहा इंची कुंडीत दोन-तीनच रोपे ठेवली, बाकीची उपटून टाकली. नोव्हेंबरच्या अखेरीस रोप वीतभर झाले आणि त्यावर पानांच्या चार जोड्या आल्या. ही पहिल्या खुडणीची वेळ. खालून दोन जोड्या मोजायच्या आणि दुसऱ्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर काडी कापायची. कोवळी काडी नखानेही तुटते. जाड असेल तर स्वच्छ कात्री घ्यावी. जोडीपासून फार वर कापले तर मधला तुकडा वाळतो, फार खाली कापले तर डोळ्यालाच इजा होते.

रोप निम्मे झालेले पाहून जीव हळहळतो. पण आठवडाभरात वरच्या जोडीच्या दोन्ही बगलांत हिरवे ठिपके दिसतात आणि त्यांच्या फांद्या होतात. त्या प्रत्येक फांदीवर तीन जोड्या आल्या की खालची एक जोडी ठेवून वरचा भाग घ्यायचा. दोनाच्या चार फांद्या होतात, पुढच्या फेरीत चाराच्या आठ. उबदार हवेत हे चक्र दहा ते पंधरा दिवसांत फिरते; डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत त्याला तीन आठवडेही लागतात. पहिली खुडणी सोडली तर एका वेळी रोपाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग घेऊ नये. पाने नको असली तरी फेरी चुकवू नये, कारण सोडून दिलेली फांदी सरळ मंजिरीकडेच निघते.

मंजिरीचा प्रश्न नुसत्या चवीचा नाही. बेझिलला मंजिरी येते ती फांदीच्या टोकाला. पाने देणारा शेंडाच फुलांचा तुरा बनतो, त्यामुळे त्या फांदीवर नवी मोठी पाने येणे थांबते. मंजिरी यायच्या आधी खूण दिसते. टोकाची पाने लहान आणि टोकदार होतात, दाटीने एकावर एक रचली जातात आणि वरून पाहिले तर चौकोनी मनोरा दिसतो. तेवढ्यावरच ओळखून कापावे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची सवय अनेक घरांत असते, पण बेझिलचा नुसता तुरा खुडून भागत नाही. त्याच्या लगतच्या डोळ्यांतूनही लगेच तुरेच येतात. म्हणून पानांच्या दोन जोड्या खाली उतरून कापायचे.

वय झाले की मंजिरी येणारच. ती लवकर येते तेव्हा मात्र रोपाला बहुधा कसला तरी ताण पडलेला असतो. एप्रिल-मेची काहिली, दिवसभर सुकून जाणारी लहान कुंडी, तळाशी गुंडाळी झालेली मुळे ही नेहमीची कारणे. सुपरमार्केटमधल्या देखण्या कुंडीत तर कित्येक रोपे एकत्र कोंबलेली असतात. ती आणल्यावर हलक्या हाताने सोडवून वेगवेगळ्या कुंड्यांत लावली तरच टिकतात.

रोप लुकडे होण्याचे कारण वेगळे. दोन जोड्यांमधले अंतर बोट-दीड बोट वाढले, काडी एका बाजूला झुकली आणि पाने फिकट पडली, तर ऊन कमी पडते आहे असे समजावे. इथे खुडणीचा उपयोग नाही. सावलीतल्या रोपाच्या नव्या फांद्याही तशाच लांबट येतात. रोज सुमारे सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी, फक्त कडक उन्हाळ्यात दुपारची सावली करावी. खुडणीनंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. खताचा मारा केला तर पाने मोठी होतात, पण वास उतरतो.

खोड लाकडी होणे मात्र पूर्ण टळत नाही. जुन्या काडीत लिग्निन साचते आणि बुंधा कडक होतो. भरपूर फांद्यांचे वजन पेलायला ते हवेही असते. चूक होते ती असे रोप बुंध्यापर्यंत छाटण्यात. पान नसलेल्या तपकिरी लाकडातून बेझिल क्वचितच फुटते. म्हणून छाटणी नेहमी हिरव्या भागात करावी आणि प्रत्येक फांदीवर निदान एक जोडी पाने ठेवावी. वर हिरवे काही उरलेच नसेल, तर ते रोप सोडून द्यावे.

खुडलेले शेंडे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. दहा अंशांखालच्या थंडीत बेझिलची पाने काळी पडतात. ते भांडेभर पाण्यात, ओट्याच्या कडेला उन्हापासून दूर ठेवावेत. रोज पाणी बदलले की काही दिवस ताजे राहतात. त्यातले मंजिरी नसलेले, बोटभर लांबीचे दोन शेंडे बाजूला काढावेत. त्यांची खालची पाने काढली, की एक-दोन आठवड्यांत पाण्यातच पांढरी मुळे धरतात. मुळे इंचभर झाली की मातीत लावावेत, आणि नव्या फांदीवर चार जोड्या आल्या की पहिली खुडणी करावी. मार्चमध्ये हे केले तर उन्हाळ्यात जुने रोप मंजिऱ्यांनी भरले तरी शेजारच्या कुंडीत पाने येत राहतात.