पॅचखालची त्वचा

हेअर पॅच लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: ‘दर दोन दिवसांनी शाम्पू करतो, तरी डोकं खाजतं.’ यात चमत्कारिक काही नाही. शाम्पू होतो तो पॅचवरच्या केसांना. चिकटवलेल्या पॅचचा तळ पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल, तर पाणी त्याच्या खाली जातच नाही. तळ जाळीचा, म्हणजे लेसचा असेल तर थोडंफार झिरपतं. पण कडेने लावलेल्या टेपच्या किंवा ग्लूच्या पट्टीखाली तेही पोचत नाही. त्या पट्टीखालची त्वचा एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत, म्हणजे सहसा दोन ते चार आठवडे, आपल्याच घामात आणि तेलकटपणात बसलेली असते.

‘त्वचेला श्वास घेता येत नाही’ असं पार्लरमध्ये सांगतात. ते खरं नव्हे. त्वचेला प्राणवायू मुख्यतः रक्तातूनच मिळतो. अडतो तो घाम. तो उडून गेला नाही की वरचा थर भिजून मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या त्वचेतून ग्लूमधली रसायनं सहज आत शिरतात. म्हणूनच मे महिन्यात आणि पावसाळ्यात, त्यातही हेल्मेट घालून फिरणाऱ्यांना, जास्त त्रास होतो.

त्यात आपली खोबरेल तेलाची सवय. तेलाने टेप सुटते, म्हणून मग जास्त ग्लू लावला जातो, आणि तो काढताना कातडी जास्त ओढली जाते. शिवाय कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी तेलकट घटकांवरच पोसते. पॅच असताना टाळूला तेल नको, हे मी अगदी निक्षून सांगेन.

खरी इजा मात्र बहुतेक वेळा पॅच लावताना होत नाही, काढताना होते. घाईने ओढला की टेपबरोबर त्वचेचा सगळ्यात वरचा, संरक्षण करणारा थर निघतो. ती जागा चकाकते, पाणी लागलं तरी चुरचुरते. कडेला रिमूव्हर फवारून पाच मिनिटं थांबायचं, कड आपोआप सैल होते. मग ती बोटाने मागे गुंडाळत न्यायची आणि जिथे अडेल तिथे पुन्हा रिमूव्हर द्यायचा. त्वचेवर उरलेला चिकटा नखाने खरवडायचा नाही, रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसाने गोल फिरवून सोडवायचा. रिमूव्हर तेलकट असतो, त्यामुळे सौम्य शाम्पू दोनदा लागतो. दुसऱ्यांदा शाम्पू लावून तीन मिनिटं ठेवला तर बरं.

पॅचचा तळही याच वेळी स्वच्छ करायचा. तो रिमूव्हरमध्ये पंधरा-वीस मिनिटं भिजवायचा आणि जुना टेपचा चिकटा मऊ टूथब्रशने एकाच दिशेने काढायचा. कंडिशनर तळाला लावायचा नाही. तो राहिला तर नवी टेप धरत नाही.

यानंतर जे करायला हवं ते बहुतेक पार्लरना परवडत नाही: डोकं एक रात्र उघडं ठेवायचं. गिऱ्हाईक दुपारी येतं आणि तासाभरात तयार होऊन जातं, अशी तिथली पद्धत. पण भिजलेली त्वचा तासाभरात सुकत नाही. त्यामुळे रात्री पॅच काढून सकाळी लावायचा, हे घरी शिकून घेतलेलं उत्तम. सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हलका हात फिरवायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर स्काल्प प्रोटेक्टरचा पातळ थर, आणि तोही वाळल्यावर टेप. ग्लू असेल तर एक जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर चिकचिकीत होईपर्यंत थांबून. पुढचे चोवीस तास पाणी आणि व्यायाम नको. कुठे ओरखडा किंवा ओली जागा दिसत असेल, तर त्या दिवशी चिकटवायचंच नाही.

हे सगळं नीट करूनही पुरळ आलं तर? समजा, ठाण्यातल्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी दोन वर्षं विनातक्रार पॅच वापरला. मग एका पावसाळ्यात सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या दिवशी कपाळाच्या वरच्या कडेला लाली आणि खाज सुरू झाली. पार्लरवाल्याने टेपचा ब्रँड बदलून दिला, फरक पडला नाही. ‘दोन वर्षं हेच वापरतोय, मग ॲलर्जी कशी?’ हा त्यांचा प्रश्न. पण ॲलर्जी अशीच येते, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर.

इथे पुरळाचा आकार पाहायचा. नुसती जळजळ असेल तर ती बहुधा काही तासांत उठते आणि पट्टीपुरतीच राहते. ॲलर्जीला एक ते तीन दिवस लागतात, खाज जास्त असते आणि पुरळ पट्टीबाहेरही पसरतं. या गृहस्थांच्या कानामागे आणि मानेवरही चट्टे होते. टेप तिथे कधीच नव्हती, रिमूव्हरचे ओघळ मात्र तिथूनच गेले होते. संशय टेपवरून बाटलीवर जातो तो असा.

बऱ्याच रिमूव्हरमध्ये संत्र्याच्या सालीतून मिळणारं लिमोनीन असतं. ताजं लिमोनीन त्वचेला फारसं छळत नाही. बाटली उघडल्यावर हवेशी संयोग होऊन त्यातून हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि ॲलर्जी आणतात ते मुख्यतः हेच. पार्लरमध्ये महिनोन्‌महिने उघडी राहिलेली मोठी बाटली म्हणूनच जोखमीची. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात: संशयित पदार्थांचे छोटे डाग ४८ तास चिकटवून ठेवतात, ते काढल्यावर एकदा आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात. त्यात हवेत मुरलेलं लिमोनीन आणि ग्लूमधले ॲक्रिलेट, दोन्ही असायला हवीत. ताज्या लिमोनीनने तपासणी केली तर ॲलर्जी निसटू शकते. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या आणि टेपचं पाकीट बरोबर न्यावं. दोष रिमूव्हरचा निघाला तर पॅच सोडावा लागत नाही. त्वचा बरी होईपर्यंत थांबून पुढे लिमोनीन नसलेला, अल्कोहोलवर आधारित रिमूव्हर वापरता येतो. तो हळू काम करतो आणि त्वचा कोरडी करतो, इतकंच. ॲक्रिलेटची ॲलर्जी निघाली तर मात्र बहुतेक टेप आणि बरेचसे ग्लू कायमचे बाद होतात.

(नाटकातले टोप आणि मिशा ज्या स्पिरिट गमने चिकटवतात, त्यात राळ असते, आणि राळेची ॲलर्जी जुनी, माहितीतली गोष्ट आहे. तीन तासांच्या प्रयोगाला ते चालतं. तीन आठवड्यांच्या पॅचला कुणी सुचवलं तर नाही म्हणावं.)

पुरळ प्रत्येक वेळी ॲलर्जीचंच असतं असं नाही. केसांच्या मुळाशी पांढऱ्या टोकाच्या पुळ्या असतील तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. पिवळट, तेलकट पापुद्रे असतील तर कोंड्याचाच मोठा भाऊ. त्यासाठी डॉक्टर सहसा दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू देतात, तोही पॅच काढून टाळूला लावायचा, पॅचवरून नव्हे.

केमोथेरपीत केस गेलेल्यांचं गणित निराळं. त्यांची त्वचा नाजूक, संसर्गाचा धोका जास्त आणि गरज काही महिन्यांची. त्यांनी ग्लूच्या वाटेला जाऊ नये. आत सुती टोपी आणि सैल न होणारा, पट्ट्याने आवळता येणारा विग पुरतो. घसरत असेल तर सिलिकॉनची ग्रिप पट्टी लावावी. घरी आल्यावर विग उतरवावा आणि सुती टोपी रोज धुवावी.