बीएमआयचा फॉर्म्युला लावताय? थांबा जरा!

पब्लिक हेल्थ न्यूट्रिशनच्या पेपरमधला हा हमखास प्रश्न बघा. मुलगी दोन वर्षांची, वजन 8.9 किलो, उभी उंची 79 सेंटिमीटर. पोषणस्थिती सांगा. माझ्या रूममेटने लगेच वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं. उत्तर आलं 14.3. ‘18.5 पेक्षा कमी, म्हणजे तीव्र कुपोषण,’ असं लिहून ती मोकळी!

गणित बरोबर, निष्कर्ष साफ चूक. 18.5 ची रेष मोठ्या माणसांची आहे. दोन वर्षांच्या मुलीचा मध्यम बीएमआयच साडेपंधराच्या आसपास असतो, त्यामुळे त्या रेषेने मोजलं तर धडधाकट मुलंही कुपोषित ठरतील. लहान मुलांचा आकडा वय आणि लिंगानुसार जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यांवरच बघायचा. तिथली महत्त्वाची रेष म्हणजे उणे दोन एसडी. निरोगी मुलांपैकी शंभरात जेमतेम दोन-तीनच तिच्या खाली असतात.

आता आपल्या मुलीकडे वळू. वयानुसार वजनाची ही रेष 9 किलोवर आहे, म्हणजे ती ‘अंडरवेट’. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडेल. पण वजन कमी का, हे तो ठिपका सांगत नाही. म्हणून उंची बघायची. वयानुसार उंचीची रेष 79.3 वर, त्यामुळे ती ‘स्टंटेड’, म्हणजे वाढ खुंटलेली. मग उंचीनुसार वजन. 79 सेंटिमीटरला रेष साधारण साडेआठ किलोच्या आत येते आणि हिचं वजन त्याहून जास्त आहे. म्हणजे ‘वेस्टिंग’ नाही, ती हडकलेली नाही.

उत्तर असं: कमी वजन आहे ते उंची खुंटल्यामुळे. अपुरं खाणं, वारंवारची आजारपणं असं बरेच महिने चाललेलं असणार. हडकलेल्या मुलाचा जीव आत्ता धोक्यात असतो, त्याला तातडीने उपचार लागतात. रूममेटच्या उत्तराने हिलाही त्याच रांगेत बसवलं होतं. (प्रश्नात दोन्ही पायांवर सूज दिली असेल तर मात्र वजनावर जाऊ नका. ते पाणी असतं आणि ते मूल थेट तीव्र कुपोषित धरतात.)

आणखी एक गंमत, जी मला सगळ्यात भारी वाटली. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून. झोपवल्यावर माप साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त येतं. आपली मुलगी उभी राहायला तयार नाही म्हणून कुणी तिला झोपवून मोजलं, तर भरेल 79.7. त्यातून 0.7 वजा करायचं राहिलं, तर ती 79.3 च्या वर जाते आणि कागदावर तिचं स्टंटिंग गायब! म्हणून प्रश्नात ‘लांबी’ लिहिलंय की ‘उंची’, ते आधी वाचा. रूममेटने आता त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायला सुरुवात केलीये.