फोटोतलं ‘काशाचं ताट’ खरंच काशाचं आहे का? तांबं, पितळ आणि कासं कसं ओळखायचं?

जुन्या भांड्यांच्या ऑनलाइन जाहिरातींमध्ये ‘काशाचं ताट’, ‘काशाची वाटी’ असं लिहिलेल्या वस्तू हल्ली भरपूर दिसतात. फोटोत सगळंच सोनेरी चमकत असतं. किंमत मात्र तेवढ्याच पितळी भांड्यापेक्षा बरीच जास्त असते.

त्याला कारण आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथिल. भांड्याच्या काशात साधारण पाचवा हिस्सा कथिल असतं आणि ते जस्तापेक्षा कित्येक पटींनी महाग आहे. (ब्राँझ हे तांबं-कथिलाच्या मिश्रणाचं सर्वसाधारण नाव. कासं हा त्यातलाच जास्त कथिल असलेला प्रकार.) त्यामुळे पितळ हे कासं म्हणून खपवलं, तर विकणाऱ्याचा चांगलाच फायदा होतो. आणि फोटोत हे खपवणं सोपं असतं.

रंग बघायचा, पण कुठला?

ढोबळमानाने तांबं लालसर गुलाबी, पितळ लिंबासारखं पिवळं आणि कासं फिकट, जरा करडेपणाकडे झुकणारं सोनेरी. समोरासमोर ठेवले तर तिन्ही रंग वेगळे कळतात. फोटोत मात्र पिवळ्या बल्बखाली कासं पितळेसारखं दिसतं आणि पितळ थेट सोन्यासारखं. शिवाय जस्त कमी असेल तर पितळही लालसर दिसतं.

म्हणून आधी फोटोत एखादी ओळखीच्या रंगाची गोष्ट शोधावी. पांढरी फरशी, कागद, स्टीलचा चमचा, काहीही चालेल. फरशीच पिवळी दिसत असेल, तर भांड्याच्या पिवळेपणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मग भांड्याची सतत घासली जाणारी जागा पाहावी: बुडाची कडा, काठ, हात लागतो तो भाग. जुन्या भांड्यावर चढलेला काळपटपणा तिथे टिकत नाही आणि धातूचा मूळ रंग दिसतो. हा काळपटपणा सगळीकडे अगदी सारखा असेल, झिजायला हवी ती जागाही तितकीच काळी असेल, तर तो रसायन लावून आणलेला असण्याची शक्यता जास्त.

हिरव्या डागांमुळे बरेच जण फसतात. हिरवं पडलंय म्हणजे तांबंच, असं सर्रास सांगितलं जातं. पण हिरवा रंग तांब्यामुळे येतो आणि तांबं तिन्हींत आहे. त्यावरून फक्त वस्तूत तांबं आहे एवढंच कळतं.

लाल डाग जास्त उपयोगाचे. पितळेच्या भांड्याला चिंच किंवा लिंबू लावून जास्त वेळ ठेवलं की गुलाबी चट्टे पडतात, हे घरोघरी पाहिलेलं असतं. आंबटामुळे पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं. त्यामुळे पिवळ्या भांड्यावर मध्येच लालसर चट्टे असतील, तर ते तांब्याचं किंवा काशाचं नसून पितळेचं असण्याची शक्यता मोठी.

पोचा की तडा?

फोटोतली सगळ्यात भरवशाची खूण रंगाची नाही, घडणीची आहे. कासं थंड असताना ठिसूळ असतं. कारागीर ते लालबुंद तापवून ठोकतात, गार व्हायला लागलं की पुन्हा तापवतात. तांबं आणि पितळ मऊ असल्याने त्यांचा पत्रा थंडच दाबता, वाकवता येतो. तांब्याचा बंब आणि पितळेची पातेली तशीच बनतात.

याचा परिणाम भांड्यावर दिसतो. काठ बाहेर वळवून गोल गुंडाळलेला असेल, तर ते कासं नसावं, कारण कासं असं गुंडाळायला गेलं तर मोडेल. पडल्यावर तांब्या-पितळेच्या भांड्याला पोचा येतो, काशाच्या भांड्याला तडा जातो किंवा तुकडा उडतो. ठोकून केलेल्या काशाच्या भांड्याची आतली बाजू अनेकदा खरवडून चकचकीत केलेली असते, तर बाहेर भट्टीतला काळपटपणा आणि हातोडीच्या खुणा राहतात.

आणखी एक. आतून पांढरं, बाहेरून पिवळं किंवा लाल भांडं दिसलं, तर ती कल्हई असू शकते. कल्हई पितळेला आणि तांब्याला करतात, काशाला सहसा करत नाहीत.

वजनावरून काय कळतं?

‘हाताला जड लागतं, म्हणजे कासंच’ हा दावा जाहिरातीत हमखास असतो. तो चुकीचा आहे. एक घन सेंटिमीटर तांब्याचं वजन सुमारे ८.९ ग्रॅम, काशाचं ८.७ आणि पितळेचं ८.५. म्हणजे एखादं ताट तांब्यात एक किलोचं झालं, तर हुबेहूब तसंच पितळेचं ताट साधारण ९५० ग्रॅम भरेल. एवढा फरक हाताला कळत नाही, फोटोत तर नाहीच.

पण जाहिरातीत वजन आणि माप दोन्ही दिलेलं असेल, तर जाडी काढता येते. समजा, ‘जुनं काशाचं ताट, व्यास ३० सेंमी, वजन ६५० ग्रॅम’ असं लिहिलंय. ३० सेंटिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर. ६५० ला ८.६ ने भागलं की धातू सुमारे ७५ घन सेंटिमीटर. तो ७०७ वर पसरला तर जाडी जेमतेम एक मिलिमीटर, आणि काठाचा धातू वजा केला तर त्याहूनही कमी. म्हणजे हा पातळ पत्रा आहे. पातळ कासं अशक्य नाही, पण ते बनवायला मेहनत लागते. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या ताटात ते सापडणं कठीण.

आता याच ताटाच्या फोटोंकडे पाहा. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या फरशीवर रंग लिंबासारखा. मध्यभागी दोन लालसर चट्टे. काठ गुंडाळलेला, बुडाला पोचा. यातली एकेकटी खूण पुरेशी नसती. चारही एकाच बाजूला बोट दाखवत असताना हे ताट काशाच्या भावाने घेऊ नये.

शंका उरली तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवाव्यात. काठाचा जवळून काढलेला फोटो, भांड्याला चुंबक लावून दाखवलेला फोटो (चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा) आणि बोटांवर तोलून लाकडी दांड्याने टिचकी मारल्याचा छोटा व्हिडिओ. काशाचा नाद बराच वेळ घुमतो, पत्र्याचा लगेच विरतो. मात्र तडा गेलेलं कासंही बद्द वाजतं.

तरीही काही वस्तूंपुढे फोटो हात टेकतो. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांचं मिळून वजन ६० किलोहून जास्त आहे. ‘दायमाबादची ब्राँझ शिल्पं’ म्हणूनच ती ओळखली जातात. रासायनिक तपासणीत मात्र त्यांत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं, जे कितीही निरखून पाहिलं तरी डोळ्यांना दिसलं नसतं. म्हणूनच लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारखी संग्रहालयं आता अनेक वस्तूंच्या नोंदीत ब्राँझ किंवा पितळ न लिहिता नुसतं ‘तांब्याचा मिश्रधातू’ असं लिहितात.